जिनिंग उद्योगातील निव्वळ खेळते भांडवल आणि त्याची अखेरची वसुली : एकाधिकार कापूस खरेदी योजनेपूर्वीचा व नंतरचा काळ (संदर्भ : गोरेगाव, जि. हिंगोली)

प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात वसलेले गोरेगाव हे काळ्या जमिनीच्या पट्ट्यातील गाव आहे. या पट्ट्यात कापूस, तूर, ज्वारी, सोयाबीन व हळद ही पिके घेतली जातात. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा सर्व भाग परभणीतच मोडत असे आणि १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. पूर्णा ते हिंगोली हा रेल्वेमार्ग १९१२ मध्ये सुरू झाला आणि या भागातील कापसाला बाहेरच्या बाजाराची वाट मिळाली. कापूस आला की जिन येते, जिन आली की पैशाची गरज येते. प्रस्तुत लेखात या पैशाच्या एका विशिष्ट भागाचा, म्हणजेच निव्वळ खेळत्या भांडवलाचा, इतिहासाच्या अंगाने विचार केला आहे.

जिनिंग-प्रेसिंग उद्योगाचा प्रकल्प अहवाल पाहिला असता त्यात जमीन, इमारत, यंत्रसामग्री, वीज जोडणी यांचे तपशील पानोपानी आढळतात. कापसाची गंजी मात्र एका ओळीत आटोपलेली असते. वस्तुतः या उद्योगात गंजीत अडकणारा पैसा यंत्रात अडकणाऱ्या पैशापेक्षा अधिक असू शकतो. हा पैसा प्रकल्पाच्या रोख प्रवाहात केव्हा आत जातो, केव्हा बाहेर येतो आणि प्रकल्पाचे आयुष्य संपताना त्यातील किती परत मिळतो, हा प्रश्न महाराष्ट्रात १९७२ नंतरची तीस वर्षे जिनवाल्यांना जवळजवळ पडलाच नाही. तो का पडला नाही आणि नंतर एकदम का पडला, हे पाहणे येथे अभिप्रेत आहे.

संकल्पनेचे स्वरूप

चालू मालमत्तेतून व्यवसायातील बिनव्याजी चालू देणी वजा केली असता जी रक्कम उरते तिला निव्वळ खेळते भांडवल म्हणतात. जिनच्या बाबतीत चालू मालमत्ता म्हणजे आवारातील कापूस, रुईच्या गाठी, सरकी आणि गिरण्यांकडून व तेलघाण्यांकडून येणे असलेली रक्कम. देणी म्हणजे पुरवठादार, अडत्ये, वाहतूकदार व मजूर यांचे थकलेले पैसे. बँकेचे कर्ज येथे वजा केले जात नाही, कारण ते पैसा कोठून आला याचे उत्तर आहे, पैसा किती लागला याचे नव्हे. ही गोष्ट सोपी वाटते. पण पुढील बराचसा गोंधळ तिच्यातूनच निर्माण झाला आहे.

या भांडवलाचे यंत्रापेक्षा वेगळे असे तीन गुणधर्म आहेत. त्याची झीज होत नाही, म्हणून त्यावर घसारा धरला जात नाही. उलाढाल किंवा भाव वाढला की ते वाढते, म्हणून दरवर्षी होणारी वाढ ही त्या वर्षाची नवी गुंतवणूक ठरते; केवळ कापसाचा भाव दुप्पट झाला तरी तेवढ्याच गाठींसाठी जवळपास दुप्पट पैसा अडकतो. आणि प्रकल्प संपताना ते मोकळे होते, म्हणून अखेरच्या वर्षी ते रोख आवक म्हणून धरावे लागते. पुस्तकी किमतीइतकेच परत मिळाले तर त्यावर कर लागत नाही. कमी मिळाले तर तो व्यवसायाचा तोटा ठरतो.

एकाधिकार काळातील जिन

महाराष्ट्र कच्चा कापूस (खरेदी, प्रक्रिया व पणन) अधिनियम १९७१ मध्ये संमत झाला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना लागू झाली. वसंतराव नाईक त्या वेळी मुख्यमंत्री होते. योजनेनुसार राज्यातील कापूस शासनाच्या वतीने खरेदी केला जाई. पुढे हे काम महाराष्ट्र राज्य सहकारी कापूस उत्पादक पणन महासंघाकडे आले. खाजगी व्यापाऱ्याला शेतकऱ्याकडून कापूस विकत घेण्याची मोकळीक उरली नाही. या योजनेच्या राजकीय व शेतीविषयक बाजूंवर पुष्कळ लिहिले गेले आहे. जिनच्या ताळेबंदावर तिने काय केले याकडे तुलनेने कमी लक्ष गेलेले दिसते.

खरेदी केलेल्या कापसावर प्रक्रिया करण्यासाठी महासंघ खाजगी व सहकारी जिनचा उपयोग करीत असे. जिनवाल्याला रुई काढण्याची व गाठ बांधण्याची ठरावीक मजुरी मिळे. कापूस महासंघाचा, गाठ महासंघाची, सरकी महासंघाची. जिनवाल्याचे यंत्र, शेड आणि मजूर. म्हणजेच ज्या मालामुळे खेळते भांडवल लागते, तो माल त्याच्या आवारात पडलेला असला तरी त्याच्या मालकीचा नव्हता. त्याचे स्वतःचे खेळते भांडवल मजुरीच्या थकलेल्या बिलापुरते आणि सुट्या भागांपुरते राहिले. पूर्वीच्या काळी जिनमालक हाच अनेकदा कापसाचा व्यापारी असे. या योजनेने त्याच्यातील व्यापारी बाजूला काढला आणि कारखानदार तेवढा शिल्लक ठेवला.

मग ते भांडवल गेले कोठे? ते नाहीसे झाले नाही, महासंघाकडे सरकले. महासंघ कर्ज घेई; त्यासाठी राज्य सहकारी बँकेची साखळी होती आणि राज्य शासनाची हमी होती. शेतकऱ्याला रक्कम हप्त्याने व उशिरा मिळण्याच्या तक्रारी या काळात सतत होत्या. लेखाशास्त्राच्या भाषेत या उशिराचा अर्थ असा की, शेतकऱ्याचे थकलेले पैसे हे योजनेचे चालू देणे होते आणि त्या देण्याने योजनेची निव्वळ खेळत्या भांडवलाची गरज तेवढ्या प्रमाणात कमी दाखवली जाई. कापूस घालून धनादेशाची वाट पाहणारा शेतकरी त्या काळात योजनेला बिनव्याजी भांडवल पुरवत होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. ताळेबंदात जी गोष्ट कार्यक्षमतेसारखी दिसते, ती कधी कधी कुणाच्या तरी घरातील दिवाळी पुढे ढकलल्यामुळे दिसत असते.

सुमारे २००२ मध्ये खाजगी व्यापाराला परवानगी मिळाली आणि एकाधिकार संपुष्टात आला. त्याच सुमारास, फेब्रुवारी २००० मध्ये, केंद्र शासनाने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले होते. त्याच्या चौथ्या उपअभियानातून जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या आधुनिकीकरणाला अर्थसहाय्य दिले जाई. हे सहाय्य यंत्रसामग्री व आवारातील सुधारणा यांसाठी होते. त्यामुळे योजनेचा लाभ घेऊन स्वयंचलित जिन उभारणारा उद्योजक स्थिर भांडवलाबाबत सुखावला; परंतु आता कापूस त्याने स्वतः विकत घ्यायचा होता. तीस वर्षे जो खर्च दुसऱ्याच्या पुस्तकात होता, तो त्याच्या पुस्तकात परत आला.

बँकेच्या चौकटीचा वारसा

त्याने प्रकल्प अहवाल कोणत्या नमुन्यात लिहिला हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९६८-६९ मधील व्ही. टी. देहेजिया यांच्या अभ्यासगटाने उद्योगांकडे जाणारे बँककर्ज उत्पादनवाढीच्या मानाने अधिक वाढत असल्याकडे लक्ष वेधले. रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला व त्याचा अहवाल १९७५ मध्ये आला. साठा व येणी किती असावीत याची उद्योगनिहाय मानके या गटाने ठरवली आणि खेळत्या भांडवलातील बँकेचा वाटा मोजण्याच्या पद्धती सुचवल्या. पैकी दुसऱ्या पद्धतीनुसार एकूण चालू मालमत्तेच्या २५ टक्के रक्कम कर्जदाराने स्वतःच्या दीर्घकालीन निधीतून आणायची होती. के. बी. चोरे यांच्या अभ्यासगटानेही १९७९ मध्ये हीच दुसरी पद्धत मोठ्या कर्जदारांना लागू करावी असे सुचवले. १९९७ मध्ये रिझर्व्ह बँकेने या सूत्राची सक्ती काढून घेतली, पण सवय राहिली.

या चौकटीमुळे भारतीय प्रकल्प अहवालात एक विशिष्ट प्रथा रुजली. ‘प्रकल्प खर्च’ या शीर्षाखाली खेळत्या भांडवलाची संपूर्ण रक्कम न लिहिता केवळ कर्जदाराच्या वाट्याची, म्हणजे मार्जिन मनीची, रक्कम लिहिली जाऊ लागली. उरलेला भाग बँक देणार, म्हणून तो प्रकल्पाचा खर्चच नाही अशी समजूत तयार झाली. बँकेच्या दृष्टीने हे ठीकच होते; तिला आपला धोका मोजायचा होता. प्रकल्प फायदेशीर आहे काय, हा प्रश्न मात्र त्यातून सुटत नाही.

एक उदाहरण

गोरेगाव परिसरात एखादी जिन उभी राहात आहे असे समजू. खालील आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, ते कोणत्याही प्रत्यक्ष कारखान्याचे नाहीत. हंगाम नोव्हेंबर ते मार्च असा पाच महिन्यांचा. या काळात ५०,००० क्विंटल कापूस घेण्याचा बेत आहे. एका क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई व त्याच्या सुमारे दुप्पट सरकी मिळते, काही तूट होते. १७० किलोच्या एका गाठीला म्हणून सुमारे ५ क्विंटल कापूस लागतो. अर्थात हंगामात १०,००० गाठी तयार होतील. भाव क्विंटलला ६,००० रुपये धरला.

एका वेळी आवारात महिनाभराचा, म्हणजे १०,००० क्विंटल कापूस ठेवला तर त्यात ६०० लाख रुपये अडकतात. बांधलेल्या गाठी, सरकी आणि खरेदीदारांकडील येणी मिळून आणखी एका महिन्याच्या खरेदीइतकी, म्हणजे ६०० लाखांची, रक्कम अडकते असे मानू. चालू मालमत्ता १,२०० लाख झाली. शेतकऱ्याला रोख द्यावे लागत असल्याने उधारी फार नाही. ती १०० लाख धरली. निव्वळ खेळते भांडवल ११०० लाख रुपये. इमारत व यंत्रसामग्री ८०० लाख.

बँकेच्या चौकटीत याचे चित्र असे दिसते. चालू मालमत्तेच्या २५ टक्के, म्हणजे ३०० लाख मालकाचे. ७५ टक्के म्हणजे ९०० लाखांतून उधारीचे १०० लाख वजा जाता ८०० लाख बँकेचे. अहवालात प्रकल्प खर्च ८०० अधिक ३०० असा ११०० लाख लिहिला जातो. प्रत्यक्षात प्रकल्पात १,९०० लाख रुपये गुंतलेले असतात.

आता अखेरच्या वसुलीकडे वळू. प्रकल्पाचे आयुष्य १० वर्षे आणि सूट दर १२ टक्के असेल तर दहा वर्षांनी मिळणाऱ्या एका रुपयाचे आजचे मूल्य सुमारे ३२ पैसे होते. वर्षभर सारखीच रक्कम अडकून राहते असे मानले, तर आज घातलेले ११०० लाख दहा वर्षांनी पूर्णपणे परत मिळाले तरी आजच्या हिशेबात ते सुमारे ३५४ लाखच ठरतात. फरक ७४६ लाखांचा. यंत्र आणि इमारत मिळून ८०० लाख होते हे लक्षात घेतले, म्हणजे ‘खेळते भांडवल तर परत मिळतेच’ या वाक्यातील फसवेपणा ध्यानात येतो. परत मिळते हे खरे. पण दहा वर्षांची वाट पाहून मिळते आणि त्या वाट पाहण्याचीच किंमत जवळपास यंत्राइतकी असते.

आता एका नेहमीच्या चुकीचा विचार करू. अहवालात सुरुवातीला ३०० लाख (मार्जिन मनी) जातात आणि दहाव्या वर्षी मात्र संपूर्ण ११०० लाख परत आलेले दाखवले जातात. आत गेलेला पैसा एका मापाने आणि बाहेर आलेला दुसऱ्या मापाने मोजला गेला. जास्तीच्या ८०० लाखांचे आजचे मूल्य सुमारे २५८ लाख. हा लाभ अस्तित्वातच नाही. ती बँकेची रक्कम आहे आणि ती बँकेला परत जाणार आहे. अहवाल तपासणाऱ्याने सुरुवातीच्या व अखेरच्या वर्षातील खेळत्या भांडवलाच्या रकमा शेजारी शेजारी ठेवल्या तर ही चूक लगेच सापडते. एक पथ्य पाळावे: संपूर्ण रक्कम आत धरली असेल तर रोख प्रवाहातून बँकेचे व्याज वजा करू नये, कारण सूट दरात ते आलेले असते, आणि केवळ मालकाचा वाटा आत धरला असेल तर व्याज वजा करावे व अखेरीस मालकाचाच वाटा परत दाखवावा.

हंगामाचा प्रश्न

वरील हिशेबातील एक गृहीतक जिनला लागू पडत नाही. सिमेंटच्या कारखान्यात खेळते भांडवल वर्षभर अडकून राहते. जिनमध्ये ते दिवाळीनंतर भरते आणि उन्हाळ्यात रिकामे होते. म्हणजे जिनला तिच्या भांडवलाची वसुली दहा वर्षांनी एकदा नव्हे, दरवर्षी एकदा मिळते. पाच महिने ११०० लाख अडकले आणि महिन्याला साधारण १ टक्का खर्च धरला, तर वर्षाला ५५ लाख होतात. दहा वर्षांच्या या खर्चाचे आजचे मूल्य सुमारे ३११ लाख. वर्षभर रक्कम अडकली असे धरल्यास ७४६ लाख येत होते; तो आकडा जिनसाठी अवाजवी जास्त ठरतो.

परंतु उलट दिशेची चूक अधिक सहज होते. आपल्याकडे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि प्रकल्पाचा अंदाज वार्षिक ताळेबंदावरून मांडला जातो. त्या दिवशी हंगाम सरलेला असतो. गंजी विरलेली, गाठी बऱ्याचशा विकलेल्या. ताळेबंदात जेमतेम २०० लाखांचे खेळते भांडवल दिसले, तर त्यावरून येणारा खर्च सुमारे १३६ लाखांचाच भरतो. म्हणजे खऱ्या खर्चाच्या निम्म्याहूनही कमी. जानेवारीत भरलेल्या आवाराचे छायाचित्र आणि ३१ मार्चचा ताळेबंद यांतील तफावत हाच येथील मुद्दा आहे. यावर उपाय कठीण नाही: जिनचा रोख प्रवाह वर्षाचा न मांडता महिन्यांचा मांडावा. एकाधिकाराच्या काळात ही अडचण जाणवली नाही, कारण मजुरीच्या जिनला जानेवारी आणि मे यांत मजुरीच्या बिलाखेरीज विशेष फरक नव्हता.

अखेरचा हंगाम

आयुष्याच्या अखेरीस काय परत मिळते याचे उत्तर मालाच्या प्रत्येक प्रकाराप्रमाणे बदलते. गाठी विकल्या जातात, पण जुन्या गाठीचा रंग पिवळसर पडतो व ती खालच्या प्रतीत जाते. सरकी फार काळ ठेवली की गरम होते, तिचा तेलासाठीचा भाव घसरतो. यंत्रांचे सुटे भाग भंगाराच्या वजनाने जातात. गिरणीकडील येणी वसूल होतात, पण आता पुढचा माल मिळणार नाही हे कळल्यावर खरेदीदार प्रतीचे, तुटीचे दावे काढून कपात मागतो. चालू असलेल्या व्यवहारात तोच दावा तो सोडून देत असे. सर्वांत अवघड म्हणजे खेडोपाडी खरेदीसाठी दलालांना दिलेला आगाऊ पैसा. तो पुढच्या हंगामाच्या कापसातून फिटायचा असतो आणि आता पुढचा हंगाम नसतो.

म्हणून वसुलीची रक्कम ताळेबंदातून जशीच्या तशी उचलणे चुकीचे आहे. समजा चालू मालमत्तेच्या किमतीत १५ टक्के घट झाली. १,२०० लाखांचे १,०२० लाख झाले; उधारीचे १०० लाख फेडले; उरले ९२० लाख. संपूर्ण प्रकल्पाच्या दृष्टीने आजच्या मूल्यात सुमारे ५८ लाखांचा तोटा झाला, म्हणजे फारसा नाही. मालकाच्या दृष्टीने मात्र चित्र निराळे आहे. साठा व येणी बँकेकडे तारण असतात. बँक आपले ८०० लाख आधी घेते. मालकाच्या हाती १२० लाख येतात. त्याने घातले होते ३०० लाख. मालाच्या किमतीतील १५ टक्क्यांच्या घटीने त्याचा ६० टक्के वाटा गेला. हा हिशेब प्रकल्प अहवालात सहसा नसतो, कारण तो नमुना बँकेने आपल्या सुरक्षिततेसाठी केलेला आहे आणि २५ टक्के मार्जिनचा अर्थच मुळी हा आहे की, पहिला फटका मालकाने सोसावा.

जाणता जिनवाला म्हणूनच शेवटच्या वर्षी गंजी भरतच नाही. प्रकल्पाचे आयुष्य संपत आले हे ओळखून तो जानेवारीनंतर खरेदी आवळतो, जुन्या गाठी आधी विकतो, दलालांना नवा आगाऊ देत नाही. वसुली ही एका दिवसाची घटना नसून चार-पाच महिन्यांची क्रिया आहे. जिनच्या बाबतीत आयुष्याचा शेवट यंत्राच्या झिजण्याने येतोच असे नाही. गोरेगावसारख्या परिसरात शेतकऱ्याने कापूस सोडून सोयाबीन पेरले, तर धडधाकट यंत्र असूनही जिनला कापूस कमी पडतो. अशा वेळी हंगाम कमी कापसावर चालवावा लागतो, आवारातील माल हळूहळू आपोआप कमी होतो आणि खेळते भांडवल प्रकल्प ‘संपला’ असे कोणी जाहीर करण्यापूर्वीच मोकळे होऊ लागते. ज्या मालकाने ती मोकळी झालेली रक्कम दुसऱ्या धंद्यात न घालता बँकेचे कर्ज कमी केले, त्याला शेवटच्या वर्षी किमतीतील घटीचा फटका कमी बसतो. कारण तोवर बँकेचा हक्क आणि आवारातील माल, दोन्ही लहान झालेले असतात.

एकाधिकार योजनेतून बाहेर पडताना महासंघाची स्थिती याच्या उलट होती. तेथे माल, शेतकऱ्यांची देणी व शासनाच्या हमीवर घेतलेले कर्ज हे एकाच वेळी सांभाळावे लागले. हमी शासनाची असल्याने, मालाच्या विक्रीतून न फिटलेला भाग मालक सोसत नाही तर राज्याच्या तिजोरीवर येतो. खाजगी जिनमध्ये जो धोका ३०० लाखांच्या मार्जिनवर पडतो, तो येथे करदात्यावर पडत होता. एकाधिकाराच्या काळातील जिनवाल्याला खेळत्या भांडवलाची चिंता नव्हती, याचे कारण इतकेच की ती चिंता दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर लिहिलेली होती. २००२ नंतर ती त्याच्या नावावर आली आणि प्रकल्प अहवालाचा नमुना मात्र जुनाच राहिला.